फोटोत दिसलेला ड्रेस: तसाच, पण परवडणारा, शोधायचा कसा

माझ्या बहिणीने एकदा मला एक फोटो पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘असा हवा आहे, पण एवढे पैसे नाहीत.’ फोटोत एक बाई आरशासमोर फोन धरून उभी होती. अंगात ऑलिव्हकडे झुकणाऱ्या गडद हिरव्या सॅटिनचा ड्रेस होता. बाह्या लांब होत्या, गळ्याशी कापडाच्या दोन-तीन सैल लाटा होत्या आणि कमरेला पट्टा नव्हता. तरीही तो ड्रेस कमरेवर आणि नितंबांवर अलगद बसला होता आणि खाली पोटरीच्या मध्यावर थोडासा फुलून थांबला होता. खांद्याला चंद्रकोरीच्या आकाराची एक लहान पर्स होती. फोटोखाली ब्रँडचे नाव नव्हते आणि किंमतही नव्हती, पण रेशमी सॅटिनचा असा ड्रेस स्वस्त नसतो हे बहिणीने बरोबर ओळखले होते.

तिने त्याआधीच ‘हिरवा सॅटिन ड्रेस’ असा शोध घेऊन पाहिला होता. शेकडो ड्रेस आले, त्यांतले कित्येक नेमक्या त्याच रंगाचे होते, तरी एकही ‘तसा’ वाटत नव्हता. याचे कारण असे की फोटोत तिला आवडलेली गोष्ट रंग नव्हती आणि चमकही नव्हती. ते कापड अंगावरून ज्या रीतीने उतरत होते ती रीत तिला आवडली होती, आणि त्या रीतीसाठीचा शब्द तिच्याकडे नव्हता. हुबेहूब तीच वस्तू मिळवण्याचा आग्रह सोडून ‘तशी’ वस्तू शोधायची असेल, तर ज्या दोन-तीन तपशिलांमुळे ती तशी दिसते ते आधी ओळखावे लागतात आणि बाकीच्या तपशिलांवर पैसे वाचवावे लागतात. या एकाच ड्रेसचा शोध पुढे पायरीपायरीने मांडला आहे.

आधी फोटो नीट मिळवावा

कोणीतरी पुढे पाठवलेला फोटो सहसा दोन-तीनदा आकुंचित होऊन आलेला असतो आणि त्यात कापडाचा पोत पुसला गेलेला असतो. त्यामुळे मूळ पोस्टपर्यंत जाणे हे पहिले काम. टिनआयसारखी शोधसेवा तोच फोटो इतर कुठे आहे हे दाखवते आणि सापडलेल्या प्रतींमधली सर्वांत मोठी प्रत वर आणण्याची सोयही देते. मूळ पोस्ट सापडली की फोटोवरच टॅग लावले आहेत का, खालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणी ‘कुठून घेतला’ असे विचारले आहे का, आणि त्याच व्यक्तीने त्याच दिवशी दुसरा फोटो किंवा व्हिडिओ टाकला आहे का, हे पाहावे. व्हिडिओ मिळाला तर तो दहा फोटोंच्या तोडीचा असतो, कारण चालताना कापड कसे हलते ते स्थिर फोटोत कधीच कळत नाही. आमच्या बाबतीत असा व्हिडिओ होता, जेमतेम चार सेकंदांचा, आणि त्यात ती बाई वळताना ड्रेसची पाठ दिसली. पाठीवर चेन नव्हती. ही बाब पुढे फार उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी. आरशातला फोटो उलटा असतो आणि पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटोही अनेक फोन उलटे जतन करतात. फोटोत कुठे अक्षरे दिसत असतील तर ती सरळ वाचता येतात का, यावरून हे लगेच कळते. आपल्या ड्रेसला एका बाजूला चीर किंवा एका खांद्यावर गाठ असती, तर ती कोणत्या बाजूला आहे हे आरशामुळे चुकले असते आणि समोर आलेला खरा ड्रेस आपण ‘हा तो नाही’ म्हणून सोडून दिला असता.

काप ओळखणे

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. माझ्या मते रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी कपड्याची बाह्यरेषा पाहावी: तो अंगाला कुठे चिकटतो, कुठे सुटतो, कुठे संपतो. त्यानंतर स्वतःला विचारावे की तो तसा का बसतो.

आपल्या ड्रेसमध्ये कमरेला पट्टा नाही, इलॅस्टिकच्या चुण्या नाहीत, छातीखाली किंवा कमरेवर टक्सच्या उभ्या शिवणी दिसत नाहीत आणि पाठीवर चेनही नाही. सॅटिन हे विणलेले कापड आहे. त्यात ताणला जाणारा धागा मिसळला नसेल तर ते उभे किंवा आडवे ताणले जात नाही. मग न ताणले जाणारे कापड टक्सशिवाय कमरेवर आत कसे गेले आणि चेनशिवाय डोक्यातून आत कसे शिरले? याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. कापड तिरके धरून बेतलेले आहे, म्हणजे ताणा आणि बाणा हे दोन्ही धागे शरीराच्या उभ्या रेषेशी सुमारे 45 अंशांचा कोन करतात. त्या दिशेने विणलेले कापडही ताणले जाते, कारण तिथे धागा स्वतः लांब होत नाही, तर धाग्यांनी बनलेला चौकोन तिरपा होऊन समभुज चौकोनासारखा होतो. असे कापड स्वतःच्या वजनाने खाली लांबते आणि आडवे आकसून अंगावर बसते. मादलेन व्हियोने या फ्रेंच वेशरचनाकार बाईंनी 1920 आणि 1930 च्या दशकांत पूर्ण ड्रेससाठी हा काप वापरून नावारूपाला आणला, आणि आजही त्याला पर्याय निघालेला नाही.

फोटोत हा काप ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली खूण म्हणजे सॅटिनवरची चमक. तिरक्या कापात प्रकाशाचे पट्टे नितंबांवरून खाली तिरपे आणि वळणदार उतरतात. सरळ बेतलेला ड्रेस घट्ट असेल तर नितंबांवर आडव्या ताणरेषा दिसतात आणि सैल असेल तर चमक उभ्या, ताठ पट्ट्यांत पडते. दुसरी खूण म्हणजे खालची कड. कुठेही चुण्या घातलेल्या नसताना ती हलक्या लाटांत पडते. तिसरी खूण गळ्याशी असते. छातीवर अर्धगोलात उतरणाऱ्या सैल लाटांचा गळा, ज्याला इंग्रजीत काउल म्हणतात, तिरक्या कापात मऊ आणि गोल पडतो. सरळ कापात तोच गळा मध्ये टोकदार मोडतो किंवा पुठ्ठ्यासारखा पुढे उभा राहतो. आपल्या फोटोत तिन्ही खुणा होत्या.

मात्र फोटोतला कपडा पाठीमागून चिमट्याने आवळलेला असू शकतो, आणि व्यावसायिक चित्रणात तसे सर्रास केले जाते. समोरून कमरेवर नेटके बसलेले कापड बाजूच्या शिवणीपाशी एकदम पाठीकडे ओढले गेलेले दिसले, तर ती कमर शिंप्याने नव्हे, चिमट्याने दिली आहे असे समजावे. फोटो संपादित करून कमर बारीक केली असेल, तर तिच्या मागची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकलेली दिसते. अशा फोटोवरून बसण्याची अपेक्षा ठेवली तर खरा मूळ ड्रेस घेऊनही निराशाच पदरी पडेल.

लांबी आणि पर्सचे माप

‘मिडी’ हा शब्द लांबीबद्दल फारसे काही सांगत नाही, कारण तोच ड्रेस उंच बाईच्या पोटरीवर संपतो आणि ठेंगण्या बाईच्या घोट्यावर. म्हणून सेंटिमीटरऐवजी प्रमाण काढावे. पडद्यावर फोटो मोठा करून मी पट्टीने मोजले: डोक्यापासून जमिनीपर्यंत 19.4 सेंमी, आणि खांद्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून ड्रेसच्या कडेपर्यंत 13.4 सेंमी. भागाकार 0.69 येतो. बहिणीची उंची 155 सेंमी आहे. तशाच चार सेंमी टाचांच्या चपला धरल्या तर 159. त्याला 0.69 ने गुणले की सुमारे 110 सेंमी. म्हणजे तिच्या पोटरीवर त्याच जागी संपणारा ड्रेस खांद्यापासून 110 सेंमी लांब असायला हवा. कॅमेरा छातीच्या उंचीवर असल्याने पायांकडचा भाग थोडा आखूड दिसतो, त्यामुळे यात चार-पाच सेंमीची चूक गृहीत धरावी. विक्रेत्याच्या मापतक्त्यात लांबी खांद्यापासून मोजली आहे की मानेच्या मागच्या मध्यबिंदूपासून, हेही पाहावे. दोन्हींत काही सेंटिमीटरचा फरक पडतो.

पर्सच्या बाबतीत मात्र प्रमाण पुरत नाही, प्रत्यक्ष माप लागते, आणि ते आरशातल्या फोटोत फोनवरून काढता येते. बहुतेक फोन उंचीला 15 सेंमीच्या आसपास असतात. पडद्यावर फोनची उंची 2 सेंमी आणि पर्सची रुंदी 3 सेंमी भरली, म्हणून पर्स दीडपट, म्हणजे 22.5 सेंमी, असे वाटते. पण इथे एक फसगत आहे. फोन शरीराच्या पुढे धरलेला असतो, त्यामुळे तो आरशाच्या जवळ असतो आणि तुलनेने मोठा दिसतो. फोन आरशापासून एक मीटरवर असेल तर कॅमेऱ्याला त्याचे प्रतिबिंब दोन मीटरवर दिसते. शरीर फोनच्या 30 सेंमी मागे असेल तर त्याचे प्रतिबिंब 2.3 मीटरवर. म्हणून आलेल्या मापाला 2.3 भागिले 2, म्हणजे 1.15 ने गुणावे लागते. तसे केल्यावर पर्सची रुंदी 26 सेंमीच्या जवळ जाते. हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक लहान वाटतो, पण लहान पर्सच्या बाबतीत आत काय मावते हे त्यावरच ठरते. पर्स काखेत वळलेली दिसत असेल तर खरी रुंदी याहूनही थोडी जास्त असते.

पर्सबद्दल आणखी फार पाहण्यासारखे नाही. पट्टा खांद्यावर टाकल्यावर पर्सचा वरचा काठ कुठे येतो, कड्या आणि चेन सोनेरी आहेत की रुपेरी, त्यांना झगमग आहे की मंदपणा, आणि आकार स्वतः ताठ राहतो की आतल्या सामानाने बदलतो, एवढे चार तपशील लिहून ठेवले की पुरे.

रंग

रंग शेवटी ठेवला तरी तो डोळ्यांवर विसंबून ठरवू नये. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो आणि फिल्टरने तो आणखी बदलतो. फोटोत नक्की पांढरी असणारी एखादी वस्तू शोधावी. आमच्या फोटोत भिंतीवरचे विजेचे बटण होते. फोनच्या संपादनात उष्ण-शीत छटेची पट्टी ते बटण पांढरे दिसेपर्यंत सरकवावी आणि मगच ड्रेसचा रंग पाहावा. सॅटिनवर हा रंग चमकत्या भागातून किंवा घडीच्या सावलीतून न घेता मधल्या, सपाट भागातून घ्यावा. आम्ही ज्याला ऑलिव्ह समजत होतो तो दुरुस्तीनंतर बाटलीसारख्या हिरव्याच्या जवळचा निघाला, आणि त्यामुळे आधीचे सगळे शोध चुकीच्या शब्दाने केले होते हेही कळले.

शोधाचे शब्द

चित्रावरून शोध घ्यायचा तर पूर्ण फोटो गूगल लेन्सला किंवा पिंटरेस्टला देऊ नये. पूर्ण फोटो दिला की आरसा, पर्स, केस, सगळ्यांचे मिळून उत्तर येते. फोटो कापून आधी फक्त ड्रेस द्यावा, मग फक्त गळा, मग फक्त पर्स. अशा शोधांत रंग आणि ढोबळ आकार चांगले जुळतात, पण काप जवळजवळ कधीच जुळत नाही. म्हणून चित्रशोधाचा खरा उपयोग वस्तू सापडण्यापेक्षा शब्द सापडण्यासाठी होतो. जे जवळचे निकाल येतील त्यांच्या नावांत विक्रेत्यांनी कोणते शब्द वापरले आहेत ते टिपून घ्यावे. ते शब्द इंग्रजी असतात आणि दुकानांच्या याद्या त्यांच्यावरच चालतात.

त्या शब्दांतून शोध रचताना आधी काप, म्हणजे तिरक्या कापासाठी ‘bias cut’, मग प्रकार, मग गळा आणि बाही, आणि रंग शेवटी ठेवावा. हा क्रम शोधयंत्रासाठी नाही, आपल्यासाठी आहे: निकाल कमी आले की शेवटून एकेक शब्द गाळायचा, आणि पहिला शब्द काही झाले तरी गाळायचा नाही.

```
bias cut midi dress cowl neck long sleeve satin green -wrap
```

शेवटच्या शब्दाआधीचे वजाचे चिन्ह तो शब्द असलेले निकाल वगळते. आमच्या निकालांत पुढून गुंडाळून बांधायचे ड्रेस फार येत होते, म्हणून ते काढून टाकले. दुकानांच्या स्वतःच्या शोधपेटीत हे चिन्ह अनेकदा चालत नाही; तिथे डावीकडची चाळणी वापरावी लागते.

वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात वेगळे शब्द लागतात. तिथे वस्तू विकणारा सहसा एक सामान्य माणूस असतो आणि त्याला आपल्या ड्रेसचा काप कोणता हे ठाऊक नसते. तो ‘silky’, ‘slinky’ किंवा नुसते ‘evening dress’ असे लिहितो. मूळ ब्रँडचे नाव कळले असेल तर नाव आणि रंग एवढेच टाकून शोध जतन करावा आणि सूचना चालू ठेवावी. मागच्या हंगामातला मूळ ड्रेस अशा ठिकाणी नव्या नकलेच्या किमतीत मिळणे अशक्य नाही, पण ते आठवडाभरात होईल अशी अपेक्षा धरू नये. तारीख ठरलेल्या समारंभासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

मूळ ड्रेस महाग असण्याची कारणे ढोबळमानाने तीन. तो रेशमाचा आहे, तो तिरका बेतलेला आहे, आणि त्यावर नाव आहे. नावावरचा खर्च सोडून देणे सोपे आहे. उरलेल्या दोनांपैकी एकच परवडत असेल तर कोणता ठेवावा, हा खरा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: काप ठेवावा, रेशीम सोडावे.

सॅटिन हे विणीचे नाव आहे, धाग्याचे नाही. ती वीण रेशमाची असते तशीच व्हिस्कोसची, ॲसिटेटची किंवा पॉलिएस्टरचीही असते. तिरक्या कापाचे पडणे मुख्यतः वीण किती मऊ आहे आणि कापड किती वजनदार आहे यावर अवलंबून असते. रेशमाचे वजन मोम्मे या एककात देतात आणि एक मोम्मे म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे 4.34 ग्रॅम; म्हणजे चांगल्या ड्रेसमध्ये आढळणारे 19 मोम्मेचे सॅटिन सुमारे 82 ग्रॅमचे होते. स्वस्त पर्याय निवडताना कापड याहून हलके नसावे, उलट शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असावे असे मी पाहतो, कारण पातळ पॉलिएस्टर सॅटिन खाली उतरण्याऐवजी हवेत तरंगते आणि विजेच्या भाराने पायांना चिकटते.

धाग्यांमध्ये व्हिस्कोस माझी पहिली पसंती आहे. ते जड पडते, त्याची चमक सौम्य असते आणि घामात ते अंगाला सुसह्य वाटते. दोष असा की ते सुरकुतते, धुतल्यावर आकसू शकते आणि ओले असताना कमकुवत होते, त्यामुळे पिळू नये. ॲसिटेट दिसायला रेशमाच्या फार जवळ जाते, पण ते ॲसिटोनमध्ये विरघळते. नखांचे रंग काढायचे ॲसिटोन असलेले द्रव त्यावर सांडले तर तिथे भोक पडेल. पॉलिएस्टर टिकाऊ आणि बिनसुरकुतीचे असते, पण त्याची चमक बऱ्याचदा कडक असते आणि फ्लॅशच्या उजेडात ती पांढऱ्या पट्ट्यांसारखी दिसते. गडद रंगात ही कडक चमक बरीच लपते, हलक्या रंगात लपत नाही. बहिणीचा ड्रेस गडद हिरवा होता, म्हणून आम्ही पॉलिएस्टरला सरसकट नकार दिला नाही.

तिरका काप मात्र स्वस्तात नीट मिळणे कठीण असते, आणि त्यालाही कारण आहे. तुकडे तिरके मांडल्याने कापडाच्या कडेला मोठे त्रिकोण वाया जातात, शिवताना कापड मशीनखाली सरकते, आणि खालची कड दुमडण्याआधी ड्रेस एक दिवस टांगून ठेवावा लागतो, कारण तिरका भाग स्वतःच्या वजनाने असमान लांबतो. स्वस्त उत्पादक या तिन्ही ठिकाणी काटकसर करतात. म्हणून ‘bias cut’ असे लिहिलेले आहे एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

ओळखीचा चांगला शिंपी असेल तर कापड घेऊन शिवून घेणे हाही मार्ग आहे, पण त्याने तिरका ड्रेस पूर्वी शिवला आहे का हे आधी विचारावे. सरळ कापाच्या ड्रेसपेक्षा कापड बरेच जास्त लागते आणि पहिल्यांदाच शिवणाऱ्याच्या हातात ते वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

विक्रीच्या पानावर काय तपासावे

आमच्यासमोर शेवटी तीन ड्रेस उरले. पहिला मूळ किमतीच्या साधारण दहाव्या भागात होता आणि त्याचे फोटो अप्रतिम होते. दुसरा सहाव्या भागात, व्हिस्कोसचा, पण फिका निळा. तिसरा पाचव्या भागात, जड पॉलिएस्टरचा, गडद हिरवा.

पहिल्याचा मोह मला होता, पण तसा मोह मी पूर्वी एकदा भोगला आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी स्वतःसाठी असाच एक ड्रेस मागवला होता आणि आला तो सरळ कापाचा, पाठीवर चेन लावलेला, कागदासारखा करकरणारा. फोटो दुसऱ्याच कोणाच्या ड्रेसचे होते. परतीचा खर्च ड्रेसच्या निम्म्या किमतीइतका होता, म्हणून तो तसाच कपाटात राहिला. तेव्हापासून मी विक्रीचा मुख्य फोटो चित्रशोधाला देऊन तो आणखी कुठे आहे ते पाहतो. तोच फोटो वेगवेगळ्या नावांच्या पाच-सहा विक्रेत्यांकडे वेगवेगळ्या किमतींना दिसला, तर त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो ड्रेस कधी हातातही घेतलेला नसतो. बहिणीच्या पहिल्या पर्यायाचे तसेच झाले. त्याच फोटोच्या नऊ प्रती सापडल्या.

खरेदीदारांनी टाकलेले फोटो हा याहून भक्कम पुरावा आहे. त्यांत वर सांगितलेल्या तीन खुणा पुन्हा शोधाव्यात: तिरपी चमक, लाटांची कड, गोल पडणारा गळा. शिवाय पाठीवर चेन आहे का ते पाहावे. तिरक्या कापाच्या काही ड्रेसना बाजूला चेन असते आणि त्यात काही वावगे नाही, पण पाठीवर मानेपासून कमरेखालपर्यंत चेन आणि कमरेवर टक्स दोन्ही असतील, तर वर्णनात काहीही लिहिलेले असो, तो सरळ काप समजावा. धाग्याचे प्रमाण दिलेलेच नसेल, ‘रेशमी स्पर्श’ एवढेच लिहिले असेल, तर ते पॉलिएस्टर आहे असे धरून किमतीचा विचार करावा.

मापाच्या बाबतीत तिरका ड्रेस ताणला जातो या भरवशावर लहान माप घेऊ नये. ड्रेसचे नितंबांवरचे सपाट माप दुप्पट करून ते स्वतःच्या मापाइतके किंवा थोडे जास्त भरते का ते पाहावे. ताणून बसवलेला तिरका ड्रेस वर चढतो आणि त्याची सगळी लय जाते.

बोधचिन्हाची नक्कल केलेल्या पर्स या शोधात हमखास समोर येतात. आकार सारखा असणे आणि दुसऱ्याचे नाव छापणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नाव छापलेली नक्कल बहुतेक देशांत बेकायदा असते. आम्ही बिननावाची, 25 सेंमी रुंद, मंद सोनेरी कड्यांची पर्स घेतली.

ड्रेस घरी आल्यावर

आम्ही तिसरा, हिरवा ड्रेस मागवला. निळा कापाने थोडा सरस होता, पण त्याची लांबी 122 सेंमी होती आणि तिरक्या ड्रेसची लांबी बारा सेंटिमीटरने कमी केली की खालचा फुललेला भागच कापला जातो. हिरव्याची लांबी 112 होती.

लेबल काढण्याआधी ताणून पाहावे. ड्रेसच्या मधल्या भागात, शिवणीपासून दूर, दहा सेंटिमीटर अंतरावर दोन्ही हातांनी कापड धरून खाली-वर हलकेच ओढावे. काप तिरका असेल तर ते स्पष्टपणे लांबते आणि त्याच वेळी रुंदीला आकसते. सरळ कापात ते जागचे हलत नाही. ताणणारा धागा मिसळलेले कापडही लांबते, पण ते सोडताच झटकन परत येते. तिरके कापड सावकाश येते.

त्यानंतर ड्रेस अंगावर घालून बाजूची शिवण पाहावी. ती काखेपासून कडेपर्यंत सरळ उतरायला हवी. ती खाली पुढच्या किंवा मागच्या बाजूला वळत गेली असेल तर दोन तुकडे वेगवेगळ्या कोनात बेतले गेले आहेत, आणि हा दोष कोणताही शिंपी दुरुस्त करू शकत नाही; ड्रेस परत करावा. शिवण फक्त जागोजागी आखडली असेल तर ती मंद इस्त्रीने आणि वाफेने बरीच सुटते, मात्र इस्त्री आतल्या बाजूने आणि मध्ये पातळ कापड ठेवून करावी.

आमच्या ड्रेसची शिवण सरळ होती, पण कड एका बाजूला दोन सेंटिमीटर खाली उतरली होती. हा या किमतीत अपेक्षित दोष आहे आणि तो दुरुस्त होतो. ड्रेस चोवीस तास खांद्याला रुंद हँगरवर टांगून ठेवला, म्हणजे जेवढा लांबायचा तेवढा लांबला. मग बहीण तो घालून, समारंभाच्याच चपला पायात घालून उभी राहिली आणि मी कडेपासून नव्हे, जमिनीपासून वर मोजत, थोड्या थोड्या अंतराने टाचण्या लावल्या. शिंप्याने त्या टाचण्यांच्या रेषेवर जास्तीचे कापड कापून कड अगदी बारीक, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची दुमडली, कारण रुंद दुमड तिरक्या कडेला ताठ करते आणि लाटा पडत नाहीत. शिवणावळ धरूनही एकूण खर्च मूळ किमतीच्या चौथ्या भागाच्या आतच राहिला.